फोनवर पान मुंगीएवढं का दिसतं?

गावातल्या वाचनालयाची वेबसाइट फोनवर उघडली, की कधी कधी अख्खं पान एका नजरेत मावतं, पण वेळापत्रकातलं एक अक्षर वाचता येत नाही. दोन बोटांनी मोठं करावं, तर ओळ पडद्याबाहेर पळते. दोष ना फोनचा, ना डोळ्यांचा. पानाच्या कोडमध्ये एक ओळ राहून गेलेली असते.

याचं मूळ 2007 सालच्या आयफोनमध्ये आहे. त्याचा पडदा 320 पिक्सेल रुंद होता आणि तेव्हाच्या बहुतेक वेबसाइट संगणकासाठी बांधलेल्या होत्या. त्या 320 मध्ये कोंबल्या असत्या, तर मांडणीचा चुराडा झाला असता. म्हणून अ‍ॅपलने सफारी ब्राउझरमध्ये युक्ती केली: पडदा 980 पिक्सेल रुंद आहे असं समजून पान मांडायचं आणि मग आक्रसून दाखवायचं. इतर मोबाइल ब्राउझरही साधारण याच वाटेने गेले. ज्या पानांनी वेगळं सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी आजही हेच चालतं.

आजच्या एखाद्या फोनची रुंदी ब्राउझरच्या मापात 360 असते. 980 चं पान तिथे बसवायचं म्हणजे ते जेमतेम 37 टक्के उरतं. 16 पिक्सेलचं अक्षर सहाच्या आसपास येतं.

खरी गंमत पुढे आहे. वेबसाइट करणाऱ्याने ‘रुंदी 600 पेक्षा कमी असेल तर मेनू एकाखाली एक घ्या’ असा नियम चोख लिहिलेला असतो. संगणकावर खिडकी अरुंद करून पाहिली, की मेनू मुकाट्याने खाली सरकतोही, कारण संगणकावरचा ब्राउझर 980 चं सोंग घेतच नाही. फोनवर मात्र रुंदी 980 धरलेली, त्यामुळे नियम लागूच होत नाही. मग बिचारा तासन्‌तास सीएसएस तपासत बसतो! खात्री करायची असेल, तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये मोबाइलचा देखावा चालू करून पान पुन्हा लोड करावं आणि कन्सोलमध्ये हे विचारावं:

```
document.documentElement.clientWidth
```

उत्तर 980 आलं, की चोर सापडला. मग पानाच्या `<head>` मध्ये ही ओळ घालायची:

```
<meta name="viewport" content="width=device-width, initial-scale=1">
```

म्हणजे पान फोनच्या खऱ्या रुंदीवर मांडायचं आणि सुरुवातीला लहान-मोठं करायचं नाही. ओळ असूनही पान बारीकच राहिलं, तर अवतरणचिन्हं पाहावीत. वर्डमधून उचललेल्या मजकुरात ती वाकडी येतात आणि मग ब्राउझर ही सूचना ओळखत नाही.

काही जण याच ओळीत `user-scalable=no` जोडतात, म्हणजे वाचणाऱ्याला पान मोठं करता येऊ नये. दृष्टी अधू असलेल्यांवर हा निव्वळ अन्याय आहे. आयफोनची सफारी तर 2016 पासून ही बंदी जुमानतच नाही.

आणि पान मुळातच 960 पिक्सेलच्या ठोकळ्यात बांधलेलं असेल, तर एवढ्या ओळीने भागत नाही. अक्षरं मोठी होतात खरी, पण पान आडवं सरकवत वाचावं लागतं. तिथे मांडणीच नव्याने करायला हवी.