विश्लेषण : आजारातून उठताना रोज म्हणायची वाक्ये कशी असावीत?

आजारपणातून उठणाऱ्या माणसाला ‘रोज सकाळी चांगली वाक्ये म्हणत जा’ असा सल्ला हमखास मिळतो. अशा वाक्यांच्या याद्या मोबाइलवर फिरतही असतात. पण ‘मी पूर्ण बरी झाले आहे’ असे म्हणताना जिना चढून धाप लागली असेल, तर ते वाक्य आधार देण्याऐवजी टोचते. असे का होते आणि वाक्य कसे निवडावे, याविषयी...

ही पद्धत आली कुठून?

स्वयंसूचना लोकप्रिय करण्यात फ्रान्समधील औषधविक्रेते एमिल कुए (१८५७-१९२६) यांचा मोठा वाटा आहे. आपण दररोज सर्व बाजूंनी सुधारत आहोत, अशा अर्थाचे एकच वाक्य सकाळी उठताना आणि रात्री झोपताना वीस वेळा पुटपुटायला ते सांगत. मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी वापरायची. वाक्य छोटे होते, वेळ ठरलेली होती. अडचण एकच होती. त्यात तब्येतीविषयी दावा होता आणि आजारातून उठताना तब्येत रोज सुधारतेच असे नाही. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा अंग गळून जाते.

वाक्य उलटते कसे?

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य काही जणांना घंटा वाजेल तेव्हा मनात म्हणायला सांगितले होते. ज्यांच्या मनात स्वतःविषयी आधीच कमीपणा होता, त्यांना ते म्हटल्यावर अधिक वाईट वाटले. हा प्रयोग रुग्णांवर झालेला नव्हता. पण त्यातून एक गोष्ट कळते. वाक्य मनाला पटले नाही, तर मन लगेच ‘छे, खोटं’ असे उत्तर देते आणि तेच उत्तर मागे उरते.

नांदेतील एक उदाहरण

मुळशी तालुक्यातील नांदे गावात राहणाऱ्या, डेंगीनंतर रुग्णालयातून घरी परतलेल्या साठीतील एका आजींची कल्पना करू. त्यांनी वहीत तीन वाक्ये लिहिली आहेत : ‘मी लवकर बरी होईन’, ‘मला अशक्तपणा नाही’, ‘मला उभं राहायलाच पाहिजे’.

पहिले वाक्य भविष्यकाळातले आहे. ते उद्यावर ढकलते आणि उद्या काय होईल हे कोणाच्या हाती नसते. दुसऱ्यात ‘नाही’ आहे, त्यामुळे नाकारताना अशक्तपणाचीच आठवण होते. शिवाय ते खरेही नाही. तिसऱ्यातला ‘च’ आणि ‘पाहिजे’ सूचना देत नाहीत, हट्ट धरतात. उभे राहता आले नाही, तर हाती अपराधीपणा येतो.

आता हीच वाक्ये बदलू. ‘मी आज माझ्या गतीने चालते.’ ‘मी थकले की बसते.’ ‘मी मदत मागते.’ तिन्ही वर्तमानकाळातली आणि तीन ते पाच शब्दांची. शरीरात काय घडते आहे, याविषयी त्यांत एक शब्दही नाही. आजी स्वतः जे करू शकतात तेवढेच त्यांत आहे. म्हणून वाईट दिवशीही ती खोटी ठरत नाहीत.

केव्हा आणि किती वेळा म्हणावे?

एका वेळी एकच वाक्य पुरते आणि ते रोजच्या एखाद्या कृतीला जोडावे. सकाळचा चहा समोर आला की ‘मी आज माझ्या गतीने चालते’, अंघोळीआधी ‘मी मदत मागते’. सावकाश, स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात दोन-तीनदा म्हटले तरी चालते. घरात आजी ‘मी बसते बाई’ असे बोलत असतील, तर वाक्यही तसेच लिहावे. पुस्तकी मराठी तोंडात बसत नाही.

चुकते आहे हे कसे ओळखावे?

वाक्य म्हटल्यावर मनात लगेच ‘पण’ आला, तर ते मोठे झाले आहे. तेव्हा ते लहान करावे : ‘मी चालते’ जमत नसेल, तर ‘मी आत्ता खिडकीपाशी बसले आहे’. ‘वाक्य म्हटलंस का?’ असे घरच्यांनी रोज विचारणे हीदेखील चूकच, कारण मग तो गृहपाठ होतो.

सगळ्यात जपायची गोष्ट वेगळी आहे. ताप परत आला, चक्कर आली किंवा रक्तस्राव दिसला, तर वाक्याचा आडोसा घेऊन तो लपवू नये. घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच सांगावे. गोळ्या व तपासण्या ठरल्याप्रमाणेच घ्याव्यात. अशा वेळी आजींच्या वहीतले ‘मी मदत मागते’ हे वाक्य नुसते म्हणायचे नसते, करायचे असते.