कडू दुधी: जिभेचा इशारा

आमच्या ओमतीच्या बाजारात दुधी, कारली आणि काकड्या शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. या तिन्हींचा एकत्र रस काढून सकाळी उपाशीपोटी पिणारे पुष्कळ आहेत. आज मला त्या रसाबद्दलच बोलायचं आहे.

भोपळ्याच्या कुळातल्या वेली कीड आणि जनावरांपासून बचावासाठी कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार करतात. माणसाने पिढ्यान् पिढ्या गोड फळांचं बी राखलं, म्हणून आपला दुधी कडू नसतो. पण कडक ऊन, पाण्याचा ताण किंवा रानटी वेलीशी झालेला संकर यामुळे एखादं फळ पुन्हा कडू निघतं. बाहेरून ते ओळखता येत नाही, चवीनेच कळतं.

कारल्याचं वेगळं आहे. त्याचा कडूपणा त्याच घराण्यातल्या, पण निराळ्या द्रव्यांचा असतो आणि तो आपण अपेक्षितच धरतो. घोटाळा होतो तो इथे. दुधीच्या रसात कारलं मिसळलं की कडू चव कोणाची, हे जिभेला सांगता येत नाही.

२०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ आणि त्यांची पत्नी असाच दुधी-कारल्याचा रस प्यायले. दोघंही आजारी पडले. पत्नी वाचल्या, ते गेले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखावा, कडू लागला तर टाकून द्यावा आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नये. तरी जून २०१८ मध्ये पुण्यात ४१ वर्षांची एक धडधाकट महिला सकाळी दुधीचा रस प्यायल्यावर आजारी पडली आणि काही दिवसांत दगावली.

शरीरात काय होतं? पोटाच्या आणि आतड्याच्या अस्तराला इजा होते. थोड्याच वेळात पोटदुखी, उलट्या, जुलाब सुरू होतात. कधी रक्ताची उलटी होते आणि रक्तदाब कोसळतो. यावर उतारा असलेलं औषध नाही. सलाईन देऊन रक्तदाब सांभाळणं हाच उपचार, म्हणून घरी वाट न बघता रुग्णालय गाठावं आणि दुधी कडू होता हे डॉक्टरांना आधीच सांगावं.

शिजवल्याने हे विष जात नाही. मीठ, लिंबू, साखर घातली तर फक्त चव झाकली जाते. काकडीत कडूपणा बहुधा देठाकडे आणि सालीखाली असतो, म्हणून देठाचा भाग कापून, साल काढून चाखावी. तरीही कडू असेल तर फेकावी. टोकं घासून फेस काढल्याने आतला कडूपणा निघून जाईल या भरवशावर राहू नका.

दुधी चिरला की आधी कच्चा तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि तो दुधी भाजीतही घालू नका. वीस-तीस रुपयांचं नुकसान होईल, तेवढंच.