बायोप्सीच्या रिपोर्टला चार दिवस का लागतात?

समजा, मुरबाडच्या एका मावशींच्या स्तनातल्या गाठीतून सोमवारी सुईने तुकडे काढले. डबी ठाण्या-मुंबईकडे गेली आणि घरी घोर लागला: रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग याला इतके दिवस का?

डबीतलं पाणी म्हणजे फॉर्मॅलिन. ते पेशी कुजू देत नाही, पण मांसात सावकाश मुरतं. स्तनाच्या तुकड्यांना किमान सहा तास तरी त्यात ठेवावंच लागतं. घाई केली तर पुढच्या तपासण्या फसव्या येतात.

मग रात्रभर यंत्रात तुकड्यातलं पाणी काढून त्यात वितळलेलं मेण भरतात. मंगळवारी-बुधवारी त्या मेणाच्या ठोकळ्याचे मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतके पातळ काप काढून रंगवतात. त्यानंतर पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

कर्करोग दिसला, तर कोणतं औषध लागू पडेल हे ठरवायला ईआर, पीआर, हर२ या तपासण्या त्याच ठोकळ्यावर होतात. त्यात आणखी काही दिवस जातात. मात्र साधी गाठ असूनही शंका मिटवायला जादा काप घेतात, दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवतात. त्यामुळे उशिरावरून निकाल ताडता येत नाही.

सांगितलेली तारीख उलटली, तर डबीचा नोंदणी क्रमांक देऊन प्रयोगशाळेत चौकशी करा. दरम्यान गाठ लाल झाली, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.