मुलाखतीत ‘तुम्ही केलेले एखादे चांगले काम सांगा’ असे विचारले तर?

नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो आणि आपली मुले नेमकी इथेच अडतात. केलेले काम नसते असे नव्हे. ते सांगायचे कसे, हे ठाऊक नसते. मागच्या वर्षी एका खाजगी रुग्णालयात स्टोअर क्लार्कच्या मुलाखतीला निघालेली वस्तीतील एक मुलगी आमच्याकडे तयारीसाठी आली. बी.कॉम. करता करता ती दोन वर्षे संध्याकाळी औषधाच्या दुकानात कामाला होती. आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, “सर, मी प्रामाणिकपणे काम केले, आम्ही सगळ्यांनी खूप मेहनत घेतली, मालक खूश होते.”

असे उत्तर शंभर उमेदवार देतात. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. मग आम्ही तिला खोदून विचारले, तू दुकानात जाण्यापूर्वी काय बिघडलेले होते? ती सहज म्हणाली, “मुदत संपलेली औषधे फार निघायची.” घबाड तिथेच होते.

उत्तराचे चार भाग करायचे: परिस्थिती, आपण केलेली कृती, तिचा परिणाम आणि त्यातून मिळालेला एक धडा. चारही भाग सारखे नसावेत. परिस्थिती दोन-तीन वाक्यांत आटपावी, सर्वात जास्त वेळ कृतीला द्यावा, परिणाम व धडा थोडक्यात. एकूण दीड ते दोन मिनिटे पुरे. आपली मुले नेमके उलटे करतात. दुकान कुठे, मालक कसे, गर्दी किती, यातच वेळ जातो आणि कृतीवर आल्यावर ‘मग सगळे नीट केले’ म्हणून मोकळी होतात.

दोन-तीन बैठकांनंतर तिचे उत्तर असे तयार झाले:

“मी औषधाच्या दुकानात होते. स्टॉकिस्ट मुदतीचा माल ठरावीक काळातच परत घेतो. आमच्याकडे तो काळ उलटून जाई, आणि त्या वर्षी ११ हजार रुपयांची औषधे फेकावी लागली. मी मालकांची परवानगी घेऊन रोज एक कप्पा मोजला. २० दिवसांत सगळे कप्पे झाले. एका वहीत महिन्यांप्रमाणे पाने केली आणि ज्या महिन्यात औषधाची मुदत संपते त्या पानावर नाव, बॅच नंबर, नग आणि स्टॉकिस्ट लिहिला. नवा माल आला की बिलावरून त्याच दिवशी नोंद करायची. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या तीन महिन्यांची पाने उघडून तो माल वेगळ्या खोक्यात काढायचा. खपणारा पुढे ठेवायचा, न खपणारा परत पाठवून क्रेडिट नोट घ्यायची. पुढच्या वर्षी नुकसान १,८०० रुपयांवर आले. यातून मी शिकले की मुदतीची नोंद माल आत येतानाच करावी, नंतर शोधत बसू नये.”

इथे ‘मी’ किती वेळा आले ते पाहा. आपल्याकडे ‘मी केले’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून मुले ‘आम्ही’ म्हणतात. आम्हीही या लेखात ‘आम्ही’च लिहीत आहोत! पण मुलाखत घेणाऱ्याला कामावर एकच माणूस घ्यायचा असतो. परवानगी मालकांची होती, हे तिने सांगितलेच. त्यामुळे दुसऱ्याचे श्रेय लाटल्यासारखेही वाटत नाही.

आकडा मात्र खरा हवा, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो. तिला आम्ही विचारले, “१,८०० तरी का उरले?” ती म्हणाली, “कापलेल्या पट्ट्या स्टॉकिस्ट परत घेत नव्हता.” ज्याने काम केले आहे त्यालाच हे सुचते. रचलेली गोष्ट अशा दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला कोसळते. आकडा नसेल तर आधी काय होत होते आणि नंतर काय थांबले, एवढे सांगितले तरी चालते.

धड्याबाबतही तसेच. ‘मेहनतीला पर्याय नाही’ हा धडा कुठल्याही गोष्टीला चिकटवता येतो, म्हणून तो निरुपयोगी. धडा त्या कामातूनच निघालेला हवा आणि नव्या जागी वापरता येण्याजोगा हवा. रुग्णालयाच्या भांडारातही औषधांची मुदत पाहावी लागते, म्हणून तिचा धडा तिथे लागू पडला. हीच मुलगी बिलिंगच्या जागेसाठी गेली असती, तर आम्ही तिला दुसरी गोष्ट शोधायला लावली असती.

हे उत्तर पाठ करू नये. पाठ केलेले एक वाक्य विसरले की सगळेच थांबते. कागदावर चार ओळी लिहाव्यात, घड्याळ समोर ठेवून घरच्या कोणाला तरी सांगावे, आणि ऐकणाऱ्याला विचारावे, “मी नेमके काय केले ते तुला कळले का?” आईला किंवा धाकट्या भावाला ते परत सांगता आले नाही, तर कृतीचा भाग अजून कच्चा आहे असे समजावे.