पहाटे अडीचचा महाग पौंड

चलनबाजारात एकाच क्षणी दोन भाव असतात. एका भावाला डीलर तुमच्याकडून चलन विकत घेतो, दुसऱ्या, थोड्या चढ्या भावाला तुम्हाला विकतो. मधला फरक म्हणजे स्प्रेड. पौंड-येन या जोडीचा भाव दुपारी 190.00 आणि 190.02 असा दोन पिपांच्या अंतराने दिसतो असं धरू. हीच जोडी पहाटे अडीचला पाहिली, तर अंतर वीस-तीस पिपांवर गेलेलं आढळू शकतं. बातमी कुठलीच नसते. बदललेली असते ती फक्त वेळ.

डीलरला तुमच्याकडून घेतलेले पौंड सांभाळून ठेवायचे नसतात. ते लगेच दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालायचे असतात. तो दुसरा चार सेकंदांत मिळणार असेल, तर डीलर थोड्याशा नफ्यावर खूश असतो. तो मिळायला दहा मिनिटं लागणार असतील, तर तेवढ्या वेळात भाव फिरण्याचा धोका त्याच्या डोक्यावर राहतो. त्या धोक्याची किंमत तो स्प्रेडमध्ये धरतो. म्हणून समोर गिऱ्हाईक किती आणि कुठल्या शहरातलं, यावर स्प्रेड ठरतो.

जगभरात रोज 9.6 लाख कोटी डॉलरची चलन-उलाढाल होते, असं 2025च्या पाहणीत दिसलं. त्यातली जवळपास 38 टक्के एकट्या ब्रिटनमध्ये, म्हणजे मुख्यतः लंडनमध्ये होते. लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही जागे असतात तेव्हा, आपल्याकडच्या संध्याकाळी, पौंडाला गिऱ्हाईक भरपूर असतं. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे पाच वाजले की चित्र पालटतं. लंडन झोपलेलं, न्यूयॉर्क घरी निघालेलं, टोकियो अजून उठायचंय. बाजारात उरतात वेलिंग्टन आणि सिडनीतले मोजके डीलर.

त्यातच पाचचा ठोका हा बाजाराचा दिवस बदलण्याचा ठोका. या क्षणी सौद्यांच्या पूर्ततेची तारीख एक दिवस पुढे सरकते, उघड्या सौद्यांवर व्याजाचा फरक जमा किंवा वजा होतो, बँकांच्या यंत्रणा दिवसाचे हिशेब मिटवतात. काही बँका एवढी मिनिटं भाव देणंच थांबवतात. भाव देणारे दहाचे तीन झाले की उरलेले तिघे सावध होतात.

झळ सगळ्या जोड्यांना सारखी बसत नाही. युरो-डॉलरला या वेळीही थोडाफार व्यवहार असतो. पौंड-येन मात्र बव्हंशी डॉलरच्या मार्गाने बनते. डीलरला आधी पौंड विकून डॉलर घ्यावे लागतात, मग डॉलर विकून येन. दोन्ही पायऱ्यांवरचा स्प्रेड रुंदावलेला असला की बेरीज ग्राहकाच्या अंगावर येते. पौंड-न्यूझीलंड डॉलरसारख्या जोड्यांची गत तर याहून वाईट.

यात नवख्या माणसाचं नुकसान नेमकं कसं होतं ते बघा. त्याने पौंड-येनमध्ये विक्रीचा सौदा केलाय आणि तोटा रोखायला 190.30वर स्टॉप लॉस लावलाय. पाच वाजता खालचा भाव 190.05 आहे, वरचा मात्र 190.33. विक्रीचा सौदा मिटवायचा म्हणजे पौंड परत विकत घ्यायचे, आणि ते वरच्या भावाला मिळतात. स्टॉप लागतो, सौदा तोट्यात बंद होतो. पंधरा मिनिटांनी स्प्रेड पुन्हा आटोपशीर. तो आलेख उघडतो, तर भाव 190.05च्या वर गेलेलाच दिसत नाही, कारण बहुतेक आलेख फक्त खालचा भाव काढतात. ‘ब्रोकरने फसवलं’ असं त्याला वाटतं. कधी ते खरंही असेल, पण आलेखावर वरच्या भावाची रेषा चालू करून पाहिल्याशिवाय तसं म्हणता येत नाही.

या सामसूम तासांचं टोकाचं उदाहरण 7 ऑक्टोबर 2016चं. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून सात मिनिटं झाली असताना (आपल्याकडे पहाटेचे 4.37) पौंड डॉलरसमोर काही क्षणांत सुमारे नऊ टक्के कोसळला आणि थोड्याच वेळात बराचसा सावरलाही. आंतरराष्ट्रीय चौकशीत एकच गुन्हेगार सापडला नाही. पण ही वेळ हे एक महत्त्वाचं कारण ठरलं. शिकागोच्या वायदेबाजारात व्यवहार थांबवले गेल्यावर, त्या भावांवर विसंबणाऱ्या डीलरनीही हात आखडता घेतला.

भारतात घड्याळ पुढेमागे होत नाही, अमेरिकेत होतं. त्यामुळे न्यूयॉर्कचे पाच उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे अडीचला, तर नोव्हेंबर ते मार्च साडेतीनला वाजतात. भारतात राहणाऱ्यांना परवानगी असलेल्या एक्स्चेंजवर त्या वेळी व्यवहार बंदच असतात. लंडन, दुबई किंवा सिडनीत राहून या जोड्यांत व्यवहार करणाऱ्या वाचकांनी मात्र एवढं करावं: न्यूयॉर्कच्या पाचच्या आगेमागे नवा सौदा उघडू नये, आणि रात्रभर ठेवायच्या सौद्याचा स्टॉप लावताना त्या वेळचा स्प्रेड किती असतो हे आधी दोन-तीन रात्री प्रत्यक्ष पाहून घ्यावं.