यूट्यूबचा चॅनेल चुकून ‘मुलांसाठी’ ठरतो तेव्हा

यूट्यूबवर व्हिडिओ टाकताना एक प्रश्न टाळता येत नाही: ‘Is this video made for kids?’ वर्णन, चित्र यांतले बरेच काही रिकामे सोडले तरी चालते, पण या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय व्हिडिओ प्रसिद्ध होत नाही. घाईत असलेला माणूस त्याचा अर्थ ‘हा व्हिडिओ मुलांनी पाहिला तर चालेल का?’ असा घेतो. पाककृती, भजन, रांगोळी, परसबागेतली भाजी अशा विषयांत मुलांपासून लपवण्यासारखे काहीच नसते, म्हणून तो सरळ ‘Yes’ निवडतो. ‘No’ म्हटले तर आपला व्हिडिओ प्रौढांपुरता असल्याचा शिक्का बसेल, अशीही भीती मनात असते. ती भीती निराधार आहे. अठरा वर्षांवरील प्रेक्षकांपुरता व्हिडिओ ठेवण्याची सोय त्याच पानावर, या प्रश्नाच्या खाली, वेगळी दिलेली असते. ‘No’ या उत्तराचा अर्थ एवढाच, की व्हिडिओ खास लहान मुलांना समोर ठेवून बनवलेला नाही. तो घरातल्या कोणीही पाहावा.

हा प्रश्न आला तो अमेरिकेच्या एका कायद्यामुळे. 1998 साली तिथे ‘चिल्ड्रन्स ऑनलाइन प्रायव्हसी प्रोटेक्शन ॲक्ट’ मंजूर झाला. त्याला आद्याक्षरांवरून ‘कोपा’ म्हणतात. तेरा वर्षांखालील मुलाची वैयक्तिक माहिती इंटरनेटवर गोळा करायची असेल, तर आधी पालकांची परवानगी घ्यावी, असा त्याचा गाभा आहे. यूट्यूबने मुलांचे चॅनेल पाहणाऱ्यांची माहिती अशी परवानगी न घेता जमवली आणि तिच्या आधारे जाहिराती दाखवल्या, असा ठपका फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी ठेवला. सप्टेंबर 2019 मध्ये गूगल आणि यूट्यूबने 17 कोटी डॉलर भरून तडजोड केली. प्रत्येक व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे तो बनवणाऱ्याकडूनच वदवून घेण्याची व्यवस्था याच तडजोडीतून आली आणि जानेवारी 2020 पासून तिचे परिणाम दिसू लागले. व्हिडिओ बनवणारा कोल्हापुरात असो वा कॅलिफोर्नियात, उत्तर त्याला द्यावेच लागते.

कायद्याचे हे मूळ ध्यानात घेतले, की ‘Yes’ म्हटल्यावर नेमक्या कोणत्या सोयी जातात याचा उलगडा होतो. पाहणाऱ्याची ओळख किंवा आवड नोंदवली जाते अशा बहुतेक गोष्टींना कात्री लागते. कॉमेंट लिहिणारा आपले नाव आणि मत मागे ठेवतो, म्हणून कॉमेंट बंद होतात. व्हिडिओ ‘Watch later’मध्ये किंवा प्लेलिस्टमध्ये जपून ठेवता येत नाही. थेट प्रक्षेपणातला चॅट बंद होतो आणि त्याबरोबर सुपर चॅटचे पैसेही थांबतात. व्हिडिओच्या शेवटी पुढचे व्हिडिओ सुचवणाऱ्या चौकटी आणि मधूनच वर येणारी कार्डे नाहीशी होतात. अख्खा चॅनेलच मुलांसाठी ठरला असेल, तर सबस्क्रायबरला नव्या व्हिडिओची सूचना देणारी घंटी, सशुल्क सदस्यत्व आणि चॅनेलवरच्या पोस्ट याही जातात.

जाहिराती मात्र पूर्णपणे थांबत नाहीत. पाहणाऱ्याच्या आवडीनिवडी हेरून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती थांबतात आणि व्हिडिओच्या विषयाला धरून असलेल्याच उरतात. त्यामुळे उत्पन्न घटू शकते. त्याहून कमी लक्षात येणारी हानी शिफारशींची आहे. असे व्हिडिओ मुलांच्या इतर व्हिडिओंच्या शेजारी सुचवले जाण्याची शक्यता अधिक असते. पुरणपोळीचा व्हिडिओ बडबडगीतांच्या रांगेत गेला, तर तो नको त्या घरांत पोचतो आणि हव्या त्या घरांत पोचत नाही.

चूक झाली आहे हे ओळखायला प्रेक्षकाच्या नजरेने पाहणे पुरेसे असते. व्हिडिओखाली ‘Comments are turned off’ असे दिसते. पण एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण कॉमेंट इतर कारणांनीही बंद असू शकतात. खात्री पटवणारी खूण दुसरी आहे. तो व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये टाकायचा प्रयत्न केला, की ही सोय मुलांसाठीच्या व्हिडिओंना बंद आहे असा संदेश येतो. व्हिडिओ लहान करून पडद्याच्या कोपऱ्यात चालू ठेवणारा ‘Miniplayer’ही चालत नाही. मालकाच्या बाजूने पाहायचे तर यूट्यूब स्टुडिओ उघडून ‘Content’मधल्या यादीत ‘Restrictions’ हा रकाना बघावा. तिथे ‘Made for kids’ असे लिहिलेले असते आणि तो शिक्का मालकाने मारला की यूट्यूबने, हेही कळते. दुरुस्तीचा सगळा मार्ग या एका फरकावर अवलंबून असल्यामुळे ही नोंद आधी वाचावी.

एक उदाहरण घेऊ. एका रांगोळीच्या चॅनेलवर साठेक व्हिडिओ आहेत. बहुतेकांत संस्कारभारती पद्धतीच्या मोठ्या रांगोळ्या, रंग मिसळण्याची रीत, दिवाळीची आणि पाडव्याची नक्षी आहे. चार व्हिडिओ मात्र खास बालवाडीच्या मुलांसाठी केलेले आहेत: ठिपके मोजत मोजत, गाणे म्हणत मासा आणि फुलपाखरू काढायला शिकवणारे. चॅनेल सुरू करताना मालकिणीने संपूर्ण चॅनेलसाठी ‘Yes’ निवडले होते आणि सुरुवातीच्या काही व्हिडिओंना अपलोड करताना वेगळेही ‘Yes’ दिले होते. पुढे रंगांचे प्रमाण विचारणाऱ्या बायका फोन करू लागल्या, कारण कॉमेंट लिहायला जागाच नव्हती.

इथे आधी ठरवायचे ते हे, की कोणते व्हिडिओ खरोखर मुलांसाठी आहेत. विषय कोणता, बोलणे कोणाला समजावे असे आहे, त्यात मुलांना ओढून घेणारी पात्रे, खेळणी, सोपी गाणी किंवा खेळ आहेत का आणि मुळात तो कोणासाठी केला, असे अनेक निकष एकत्र पाहावे लागतात. एखादा निकष जुळला म्हणून निकाल लागत नाही. व्हिडिओत मूल दिसते किंवा रांगोळीत कार्टूनचे चित्र आहे, एवढ्याने तो मुलांचा होत नाही. मोठ्या माणसांना ते चित्र कसे काढायचे हे शिकवणारा व्हिडिओ सर्वसाधारण प्रेक्षकांचाच असतो. उलट ठिपके मोजत गाणे म्हणणारे ते चार व्हिडिओ निःसंशय मुलांचे आहेत. कॉमेंट हव्यात म्हणून त्यांनाही ‘No’ म्हणणे चुकीचे आहे, कारण ते मुलांच्या माहितीच्या रक्षणासाठी केलेल्या नियमाला बगल देणे ठरते. शिवाय यूट्यूबची यंत्रणा असे व्हिडिओ शोधून स्वतःच शिक्का मारू शकते.

मग चॅनेलची मूळ नोंद बदलायची. हे काम संगणकावर करावे. studio.youtube.com उघडून डावीकडे खाली असलेल्या ‘Settings’मध्ये जावे, तिथे ‘Channel’ आणि मग ‘Advanced settings’ निवडावे. ‘Audience’ या मथळ्याखाली तीन पर्याय दिसतात. पूर्ण चॅनेल मुलांसाठी, पूर्ण चॅनेल मुलांसाठी नाही, आणि ‘I want to review this setting for every video’ म्हणजे प्रत्येक व्हिडिओचे वेगळे ठरवेन. रांगोळीच्या चॅनेलला दुसरा पर्याय योग्य, कारण अपवाद चारच आहेत. दोन्ही प्रकारचे व्हिडिओ नेहमी येणार असतील तर तिसरा बरा. निवड झाल्यावर ‘Save’ दाबावे.

पुष्कळ जण इथेच थांबतात आणि आठवड्याभराने पाहतात, तर काही व्हिडिओंच्या कॉमेंट अजून बंदच. कारण एखाद्या व्हिडिओला वेगळे दिलेले उत्तर चॅनेलच्या नोंदीपेक्षा वरचढ ठरते. मालकिणीने सुरुवातीच्या व्हिडिओंना स्वतंत्रपणे ‘Yes’ म्हटले होते, ते चॅनेलची नोंद बदलली तरी तसेच राहते. त्यासाठी ‘Content’च्या यादीत त्या व्हिडिओंच्या चौकटींत खुणा कराव्यात, वर आलेल्या पट्टीतून ‘Edit’ आणि मग ‘Audience’ निवडावे, ‘No, it’s not made for kids’वर खूण करून ‘Update videos’ दाबावे. बालवाडीचे चार व्हिडिओ याच रीतीने, पण उलट उत्तर देऊन, मुलांसाठी नोंदवावेत. एखादाच व्हिडिओ बदलायचा असेल तर मोबाइलवरच्या स्टुडिओ ॲपमध्येही तो उघडून, पेन्सिलच्या चिन्हावर टिचकी मारून ‘Audience’ बदलता येते.

नोंद बदलल्यावर प्रत्येक सोय जशीच्या तशी परत आली असे गृहीत धरू नये. कॉमेंटची स्वतःची वेगळी नोंद असते. व्हिडिओच्या तपशिलात ‘Show more’ दाबून खाली गेल्यावर ती सापडते आणि तिथे ‘On’ असल्याची खात्री करावी लागते. शेवटच्या चौकटी आणि कार्डे जागेवर आहेत का तेही पाहावे, नसतील तर पुन्हा लावावीत. आणखी एक अडसर असू शकतो. लहान मुले ठळकपणे दिसणाऱ्या व्हिडिओंच्या कॉमेंट यूट्यूब 2019 पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी बंद करू लागले. तो निर्णय वेगळा आहे आणि ‘Audience’ची नोंद बदलून तो मागे घेतला जात नाही. मुलीच्या हातून रांगोळी काढून घेतलेल्या व्हिडिओवर ‘No’ म्हणूनही कॉमेंट उघडल्या नाहीत, तर हे कारण असू शकते.

राहतो तो यूट्यूबने स्वतः मारलेला शिक्का. ‘Restrictions’ रकान्यात तो यूट्यूबने ठरवल्याची नोंद असेल, तर मालकाला तो थेट बदलता येत नाही. त्या नोंदीवर माउस नेला की अपिलाचा पर्याय दिसतो. अपील एकदाच करता येत असल्याने कारण नेमके लिहावे. ‘माझा व्हिडिओ मुलांचा नाही’ एवढे म्हणून भागत नाही. कार्टूनची रांगोळी असेल तर ती कोणाला शिकवली आहे, बोलणे मोठ्यांना उद्देशून कसे आहे, रंगांचे प्रमाण आणि जागेची मापे दिली आहेत, हे लिहावे. व्हिडिओतल्या ज्या मिनिटाला हे दिसते ते मिनिट सांगितले तर तपासणाऱ्याचे काम सोपे होते. निकाल ईमेलने कळतो. अपील मान्य झाले तर शिक्का निघतो, फेटाळले तर त्या व्हिडिओपुरता तो कायम राहतो आणि बाकीचा चॅनेल आपल्या नोंदीप्रमाणे चालू राहतो.