रक्तातलं औषध आणि लोपलेला y

शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ शिरेत इंजेक्शन देतात आणि अर्ध्या-एक मिनिटात माणूस गाढ झोपतो. १९३४ साली अमेरिकेत वापरात आलेलं थायोपेंटल हे या जातीतलं एक प्रसिद्ध औषध. त्याचा एकच डोस दिला, तर पाच-दहा मिनिटांत रुग्ण डोळे उघडतो. आपल्याला वाटतं, औषध संपलं. प्रत्यक्षात त्यातलं बहुतेक औषध अजून शरीरातच असतं. ते फक्त रक्त आणि मेंदूतून निघून स्नायूंसारख्या इतर ऊतींमध्ये जाऊन बसलेलं असतं.

हा प्रकार समजून घ्यायला शरीराच्या दोन टाक्या कल्पायच्या: एक रक्ताची, दुसरी ऊतींची. औषध पहिलीतून दुसरीत जातं, थोडं परत येतं, आणि पहिलीतलं काही यकृत आणि मूत्रपिंडं कायमचं बाहेर काढतात. स्वीडनचे टॉर्स्टन टेओरेल यांनी १९३७ साली औषधांचा असा हिशेब मांडला. अडचण एवढीच की नमुना घेता येतो तो रक्ताचा. ऊतींची टाकी कोणी उघडून बघू शकत नाही. म्हणून प्रश्न असा उरतो: दोन टाक्यांचा हिशेब फक्त रक्ताच्या भाषेत लिहिता येईल का?

दहावीत आपण दोन समीकरणांतून एका चलाचा लोप करायला शिकलो. इथेही लोपच करायचा आहे, पण समीकरणं वेगाची आहेत. रक्तातलं औषध x मिलिग्रॅम आणि ऊतींतलं y मिलिग्रॅम मानू. x वर टिंब दिल्यासारखी एक खूण केली, म्हणजे x', की त्याचा अर्थ दर तासाला x किती बदलतो तो वेग. पुढचे आकडे एखाद्या खऱ्या औषधाचे नाहीत. हिशेब हाताने करता यावा म्हणून ते सोपे घेतले आहेत.

समजा, रक्तातून ऊतींकडे ताशी 2x या वेगाने औषध जातं, बाहेरही 2x वेगानेच पडतं, आणि ऊतींतून 3y वेगाने परत येतं. मग:

x' = -4x + 3y
y' = 2x - 3y

पहिल्या ओळीत y आहे आणि दुसरीत x. एक सोडवायला बसलं की दुसरं हवं, दुसरं सोडवायला बसलं की पहिलं हवं. सासू म्हणते सुनेला विचारा आणि सून म्हणते सासूला विचारा, असा हा घोळ आहे. दहावीसारखं एका समीकरणाला कशाने तरी गुणून दुसऱ्यातून वजा करून भागत नाही, कारण y गेला तरी y' मागे राहतो. म्हणून एक पायरी वाढवावी लागते: पहिल्या समीकरणाचंच पुन्हा विकलन करायचं, म्हणजे वेगाचाही वेग काढायचा.

x'' = -4x' + 3y'

आता y' आला, आणि तो किती हे दुसरं समीकरण सांगतं. 3y' म्हणजे 6x - 9y. उरलेला y पहिल्या समीकरणातून मिळतो, कारण त्यातूनच 3y = x' + 4x असं निघतं. 9y म्हणजे त्याची तिप्पट, 3x' + 12x. तेव्हा 3y' बरोबर 6x - 3x' - 12x, म्हणजे -3x' - 6x. हे वर ठेवलं की:

x'' + 7x' + 6x = 0

y नाहीसा झाला. पहिल्या कोटीची दोन समीकरणं गेली आणि दुसऱ्या कोटीचं एकच आलं, त्यात फक्त रक्त. यातले आकडे तपासून बघण्यासारखे आहेत. ७ म्हणजे तिन्ही वाहतुकींच्या दरांची बेरीज, २, २ आणि ३. ६ म्हणजे बाहेर पडण्याचा दर २ आणि ऊतींतून परतण्याचा दर ३ यांचा गुणाकार. यकृत आणि मूत्रपिंडांनी काम थांबवलं, तर बाहेर पडण्याचा दर शून्य होईल आणि हा ६ सुद्धा शून्य होईल. तुमच्या हिशेबात तसं होत नसेल, तर लोप करताना कुठेतरी चिन्ह चुकलं आहे.

पुढचं काम ओळखीचं आहे. उत्तर ठरावीक प्रमाणात घटत जाणारं असेल असं मानून x च्या जागी e^(-rt) ठेवायचं. हाती वर्गसमीकरण येतं: r² - 7r + 6 = 0. त्याची मुळं १ आणि ६. म्हणून

x = A e^(-t) + B e^(-6t)

म्हणजे रक्तातलं औषध एका दराने घटत नाही, दोन दरांनी घटतं. जलद भाग सुमारे ७ मिनिटांत निम्मा होतो, संथ भाग निम्मा व्हायला सुमारे ४२ मिनिटं घेतो. १ आणि ६ यांपैकी एकही आकडा मूळ दरांमध्ये नव्हता. ते दोन्ही टाक्यांच्या देवाणघेवाणीतून आले आहेत. एकट्या टाकीकडे बघून ते कधीच सापडले नसते.

आता A आणि B काढायचे. सुरुवातीला रक्तात १०० मिलिग्रॅम औषध टोचलं, म्हणून A + B = 100. पण दुसऱ्या कोटीच्या समीकरणाला एवढ्यावर समाधान नसतं. त्याला पहिल्या क्षणाचा वेगही हवा असतो. तो कोण देणार? y. सुरुवातीला ऊतींत काहीच नव्हतं, y = 0. मूळ पहिल्या समीकरणात हे ठेवलं की वेग येतो उणे ४००. म्हणून A + 6B = 400. यातून B = 60 आणि A = 40. ज्या y ला आपण घालवलं, तो इथे मागच्या दाराने परत आला. ऊतींत आधीपासून औषध असतं, तर समीकरण हेच राहिलं असतं, फक्त सुरुवातीचा वेग बदलला असता.

उत्तरपत्रिका तपासताना एक चूक हटकून दिसते. x मिळाला की विद्यार्थी y साठीही दोन नवे स्थिरांक घेऊन तसंच सूत्र लिहितात. मग चार अनोळखी स्थिरांक होतात आणि सुरुवातीच्या अटी दोनच. y वेगळा सोडवायचा नसतोच. तो 3y = x' + 4x मधून सरळ येतो:

y = 40 e^(-t) - 40 e^(-6t)

पडताळा घ्यायला सोपा आहे. t = 0 ला y शून्य येतो. दुसऱ्या समीकरणाप्रमाणे सुरुवातीचा y' दोनशे असायला हवा, आणि या सूत्रातूनही ४० गुणिले ५, दोनशेच येतो. तिथे ताळा जमला नाही, तर उत्तर कितीही देखणं असलं तरी चुकलेलं आहे.

आता पुन्हा टेबलावरच्या रुग्णाकडे येऊ. १५ मिनिटांनी रक्तात सुमारे ४४.५ मिलिग्रॅम उरतात आणि ऊतींत सुमारे २२. समजा रक्तात ४५ च्या खाली आलं की आपला रुग्ण जागा होतो. तो जागा झाला, तेव्हा शरीरातून फक्त एक तृतीयांश औषध बाहेर पडलेलं आहे. साधारण २१ मिनिटांनी ऊतींची टाकी सर्वांत जास्त भरते, आणि तिथून पुढे तीच रक्ताला औषध परत करत राहते. तासाने रक्तात जवळजवळ १५ मिलिग्रॅम असतात. सुरुवातीचा झपाटा बघून कोणी ताशी ४ हाच दर कायम धरला असता, तर तासाने दोन मिलिग्रॅमही उरलं नसतं असं उत्तर आलं असतं.

दुसऱ्या डोसचा घोटाळाही यातच आहे. रुग्ण जागा होतोय म्हणून १५ व्या मिनिटाला आणखी १०० मिलिग्रॅम दिले. समीकरण रेषीय आहे, म्हणून दोन डोसांच्या उत्तरांची नुसती बेरीज करता येते. ती केली की कळतं, पहिली झोप १५ मिनिटांची होती, तर दुसरी सुमारे ३२ मिनिटांची आहे. डोस तेवढाच, झोप दुप्पट, कारण या वेळी ऊती रिकाम्या नाहीत. थायोपेंटलचे डोस पुन्हा पुन्हा दिले की जाग यायला उशीर होतो, तो असाच. प्रत्यक्षात ऊती एका प्रकारच्या नसतात. स्नायू लवकर भरतात, चरबी फार हळू. तीन टाक्या धरल्या तर लोपानंतर तिसऱ्या कोटीचं समीकरण येतं.

लोपाचा हिशेब उलटाही चालतो. रक्ताचे नमुने तपासून ४०, ६०, १ आणि ६ हे चार आकडे मिळाले असं समजा. दरांची बेरीज ७ आणि गुणाकार ६. सुरुवातीचा उतार ४००, म्हणून रक्तातून निघणारे दोन्ही दर मिळून ४. सातातून चार गेले की परतीचा दर ३. सहाला तीनने भागलं की बाहेर पडण्याचा दर २. उरलेला २ ऊतींकडे जाण्याचा. जी टाकी कोणी पाहिली नाही, तिचे दर रक्तावरून कळले.

पण त्यासाठी नमुने वेळेवर हवेत. पहिला नमुना तासाने घेतला, तर जलद भागाचा वाटा जेमतेम एक टक्का उरलेला असतो आणि तपासणीतल्या बारीक चुकांत तो हरवतो. मग शरीर एकाच टाकीचं आहे आणि सुरुवातीला औषध ४० च होतं, असं वाटू लागतं. दुसरी मर्यादा रेषीयपणाची. फिनिटॉइन किंवा दारू यांच्या बाबतीत यकृताची क्षमता भरून जाते आणि बाहेर पडण्याचा वेग x च्या प्रमाणात वाढत नाही. तिथे १ आणि ६ सारखे ठाम दर निघतच नाहीत आणि दोन डोसांची बेरीजही चालत नाही.

छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी घरी सोडताना डॉक्टर सांगतात, आज गाडी चालवू नका. आपण म्हणतो, मी तर ठणठणीत जागा आहे. जाग येण्याचा हिशेब x चा असतो. y तेव्हाही भरलेला असू शकतो. म्हणून त्या दिवशी किल्ली घरच्यांकडे द्या.